रात्रीच्या पट्टीतला शब्द

आमच्या डिझाइनच्या वर्गात अशी समजूत होती की परीक्षक काम बघत नाहीत, बोलणं बघतात. वर्षभर बाकावर झोपा काढलेला एक पोरगा आदल्या वर्षी दहा मिनिटं गोड बोलून पास झालेला आम्ही डोळ्यांनी पाहिला होता. मला तेव्हा त्याचा फार राग आला होता. आत्या म्हणाली होती, राग कसला करतेस, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही. मी तिला म्हटलं होतं की माझं काम बोलेल, मला बोलायची गरज पडणार नाही. माणूस तरुणपणी काय काय बोलून जातो, आणि माझ्या बाबतीत हे तरुणपण फक्त एका वर्षापूर्वीचं आहे.

तर यंदा माझी पाळी होती. सहा मिनिटं आपण बोलायचं, चार मिनिटं परीक्षक विचारणार. नापास झालं तर अख्खं वर्ष पुन्हा. आणि ते वर्ष माझं एकटीचं नव्हतं, म्हणून मी घाबरले होते. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशन तिने पुढे ढकललं होतं. मी लहान असल्यापासून तिनेच मला वाढवलंय, ब्लाउज शिवून. ऑपरेशननंतर दीड-दोन महिने मशीन बंद राहणार, तेव्हा ती म्हणायची, "आधी तुझं होऊ दे ठकू, मग माझं." म्हणजे मी पास झाले की तिचे डोळे. इतका साधा हिशोब होता आणि तो आम्हा दोघींनाही पाठ होता.

माझं काम म्हणजे एक कार्ड. लोकांनी खुर्च्या केल्या होत्या, एकाने अख्ख्या बागेचा नकाशा केला होता, आणि मी वहीच्या अर्ध्या पानाएवढं कार्ड करून बसले होते, म्हणून वर्गातले मला चिडवायचे की हिचं प्रदर्शन पाकिटात मावतं. कार्ड आत्यासाठी होतं. तिला रक्तदाबाच्या गोळ्या दिवसातून तीनदा. गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरं तिला दिसत नाहीत आणि विचारायचं म्हटलं तर तिला कमीपणा वाटतो. कार्डावर एकाखाली एक तीन आडव्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीत डावीकडे वेळ, मध्ये एक गोल आणि गोलाशेजारी किती घ्यायची तो शब्द. गोळी काढायची, त्या गोलावर ठेवायची, शब्द बघायचा आणि मग तोंडात टाकायची. बस्स. एवढ्यासाठी मी वर्ष घालवलं.

परीक्षेच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी रात्रीची गोळी बदलली. नवी गोळी जोरदार होती, म्हणून अर्धीच घ्यायची, आणि तीही घरातलं जुनं पाकीट संपल्यावर. मी सोबत होतेच. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, मी काही लक्षात ठेवत नाही बाई, तू कार्डावर घाल, मी कार्डाप्रमाणे चालेन. मला त्याचा कोण आनंद झाला होता. आपल्या कामावर कुणाचा तरी जीव अवलंबून आहे, यात आनंद होण्यासारखं काय होतं, हे आता मला सांगता येत नाही.

प्रदर्शनाचा हॉल म्हणजे एरवीची आमची चित्रकलेची मोठी खोली. रंगांचे डाग झाकायला जमिनीवर करडं कापड अंथरलं होतं आणि त्याच्या कडा चिकटपट्टीने बसवल्या होत्या, त्यात येणारा-जाणारा प्रत्येक जण अडखळत होता. माझं टेबल खिडकीशेजारी. भिंतीवर रंगांच्या चाचण्या, कच्ची रेखाटनं, नाकारलेले प्रयोग. पक्कं कार्ड मात्र भिंतीवर नव्हतं, ते टेबलावर गठ्ठ्याने ठेवलं होतं. हातात धरायची वस्तू हातातच बघावी, असा माझा हट्ट. टेबलाच्या बाजूला खुर्चीवर आत्या. ज्याच्यासाठी काम केलं त्या माणसाला घेऊन या, असं विभागप्रमुखांनी सगळ्यांना सांगितलं होतं. आत्याने नवी साडी नेसली होती आणि कोपरावरचा काळानिळा डाग पदराने झाकला होता. चार दिवसांपूर्वी ती स्वयंपाकघरात पडली होती. मी तिला बडबडले होते की स्टुलावर चढतेस कशाला. ती म्हणाली होती, स्टुलावर नव्हते गं, नुसती उभी होते, गरगरलं.

परीक्षक तीन. एक आमचे विभागप्रमुख. दुसऱ्या, दवाखान्यांमधल्या पाट्या आणि दिशादर्शक खुणा करणाऱ्या बाई, केस बारीक कापलेल्या, बोलणं कमी. तिसरे म्हातारे सर, आयुष्य छपाईत गेलेलं. त्यांच्या गळ्यात दोरीला लहानसं भिंग लटकत असायचं आणि ते प्रत्येक कागदावर टेकवून आत डोळा घालायचे, म्हणून पोरांनी त्यांचं नाव भिंगवाले ठेवलं होतं. मला भीती त्यांचीच होती. ते फटकळ होते आणि त्यांना सगळं कळायचं.

मी सुरुवात केली. आवाज आधी चिरकला, मग स्थिरावला.

"या कार्डातले रंग मी मला आवडले म्हणून घेतलेले नाहीत," मी म्हणाले. "ज्यांच्यासाठी हे कार्ड आहे त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. म्हणजे डोळ्यातलं भिंग पिवळसर, तपकिरी झालंय. ते निळा प्रकाश आत येऊ देत नाही. त्यांना फिकट पिवळं आणि पांढरं एकच दिसतं. फिकट जांभळं करडं दिसतं. निळं आणि हिरवं यांच्यात गोंधळ होतो. म्हणून मी रंगाच्या नावावर भरवसा ठेवला नाही, रंगाच्या उजेड-अंधारावर ठेवला."

मी भिंतीवरची पट्टी दाखवली. पक्के तीन रंग आणि त्यांच्याखाली त्यांचंच रंग काढून घेतलेलं, नुसतं करडं रूप. सकाळचा फिकट नारिंगी, करड्यात जवळजवळ पांढरा. दुपारचा मध्यम हिरवा, करड्यात मधला. रात्रीचा गडद निळा, करड्यात जवळजवळ काळा. रंग पार नाहीसे केले तरी तीन पट्ट्या वेगळ्या राहतात, हा माझा मुद्दा. पहिल्या प्रयत्नात रात्रीची पट्टी फिकट जांभळी होती. मला ती फार सुंदर वाटायची. आत्याने ती बघितली आणि विचारलं, सकाळच्या दोन का केल्यास? तिथे माझी हौस फिटली. मग जांभळं गेलं आणि गडद निळं आलं, हेही मी सांगितलं. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं.

चाचण्या मी संगणकाच्या पडद्यावर केल्या नव्हत्या, कागदावर केल्या होत्या, आणि त्या आत्याच्या स्वयंपाकघरात नेऊन, तिथल्या पिवळ्या दिव्याखाली बघितल्या होत्या. ही शिकवण आत्याचीच. दोऱ्याचा रंग कापडाशी जुळवायचा असला की ती दुकानातल्या दिव्याखाली कधी ठरवत नाही. उंबऱ्यावर येते, कापड आणि रीळ उजेडात धरते. ज्या उजेडात नेसणार त्या उजेडात बघायचं, असं तिचं म्हणणं. मी ते परीक्षकांना सांगितलं तेव्हा विभागप्रमुखांनी कौतुकाने तिच्याकडे बघितलं. तिने पदर सारखा केला.

"आता मांडणी," मी म्हणाले. "डावीकडचा समास मोठा आहे, कारण कार्ड डाव्या हाताच्या अंगठ्याने धरलं जातं आणि अंगठ्याखाली अक्षर जाता कामा नये. गोल आणि त्याचा शब्द यांच्यातलं अंतर, दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून कमी आहे. जवळ असलेल्या गोष्टी डोळा एकत्र धरतो. त्यामुळे हा शब्द कुठल्या गोलाचा, हे शोधावं लागत नाही. तिन्ही गोल एकाच मापाचे, एकाखाली एक, कारण डोळ्याला एका सरळ वाटेने खाली उतरता यावं. गोल म्हणजे गोळीची जागा. किती, हे शब्द सांगतो."

हे शेवटचं वाक्य मी फार घासूनपुसून तयार केलं होतं. किती, हे शब्द सांगतो. आरशासमोर म्हणताना मला ते भारी वाटायचं.

भिंगवाल्या सरांनी गठ्ठ्यातलं एक कार्ड उचललं. भिंग टेकवलं. नारिंगीवर, हिरव्यावर, मग निळ्यावर. निळ्यावर ते जरा जास्तच थांबले. मग भिंग सोडून त्यांनी कार्ड हातभर लांब धरलं.

"सकाळी 'एक', दुपारी 'एक'," ते म्हणाले. "रात्री तुम्ही नुसता गोल ठेवलात. शब्द काढून टाकलात. का?"

मी टेबलावरच्या कार्डाकडे बघितलं.

निळी पट्टी होती. डावीकडे पांढऱ्यात 'रात्र' होतं. पांढरा गोल होता. गोलाशेजारी काहीही नव्हतं. निळं, सपाट, एकसारखं निळं.

तिथे 'अर्धी' हा शब्द होता. माझ्या संगणकावर होता, माझ्या डोक्यात होता, माझ्या झोपेतही होता. त्या एका शब्दावर मी तीन दिवस घालवले होते, कारण त्यात रफार आहे. छापताना शाई कडेने पसरते आणि बारीक रेघा एकमेकींत बुजवून टाकते. शिरोरेषेवरचा तो एवढासा रफार बुजला तर 'अर्धी'चं 'अधी' होतं. म्हणून मी तो शब्द अक्षरांचा राहू दिला नव्हता, त्याच्या आकृत्या केल्या होत्या, रफार हाताने थोडा जाड केला होता, शिरोरेषेपासून केसभर वर उचलला होता. डोळ्यात तेल घालून मी रफार बघितला. कुसळ दिसलं आणि मुसळ दिसलं नाही, ही म्हण कुणी माझ्यासाठीच करून ठेवली असावी.

काय झालं असणार, हे मला तिथे उभ्याउभ्या कळलं. एवढं तर मी शिकले होते. पट्टी फिकट जांभळी होती तेव्हा शब्द काळे होते. रंगीत पट्टीवर काळं अक्षर छापायचं तर खालचा रंग कापून अक्षराला जागा करत नाहीत, काळं त्याच्यावरूनच छापतात. नाहीतर कागद जरासा सरकला की अक्षराच्या कडेने पांढरी रेघ दिसते. त्यासाठी त्या अक्षराला एक सूचना लावायची असते, छोट्या चौकटीत एक टिक: खालचं कापू नको, वरून छाप. पुढे पट्टी निळी झाली आणि मी शब्द पांढरे केले. 'रात्र' मी नव्याने टाइप केला होता. 'अर्धी' मात्र नव्याने टाइप केला नाही, कारण त्याच्या रफारावर माझे तीन दिवस गेले होते. तोच जुना शब्द उचलला, पांढरा केला, आणि त्याच्या अंगावरची टिक तशीच राहिली. वरून छाप. पण छापखान्यात पांढरी शाई नसते. पांढरं म्हणजे न छापलेला कागद. निळं कापलंच गेलं नाही, अखंड छापलं गेलं, आणि त्यावर पांढरं म्हणून काहीच छापलं गेलं नाही. पडद्यावर मात्र शब्द छान पांढरा दिसत राहतो.

छापखानेवाल्या काकांनी मला विचारलंही होतं, पोरी, कागदावर एक प्रत काढून देतो, बघून सही कर. मी म्हटलं होतं, काका, पडद्यावर शंभरदा बघितलंय, छापा तुम्ही. रंग कागदावर बघणारी मी, शब्द पडद्यावर बघून आले. गठ्ठा हातात आला तेव्हाही निळा नीट उतरलाय का, पट्ट्या सरकल्यात का, एवढंच बघितलं. वाचलं नाही. जे आपल्याला पाठ असतं ते आपण वाचत नाही.

हे सगळं सांगायला इतका वेळ लागतोय, तिथे फार तर दोन श्वास गेले असतील. भिंगवाले सर वाट बघत होते. मी खरं बोलायला हवं होतं. सर, शब्द उडालाय, माझी चूक आहे. सहा शब्द. पण माझ्या डोक्यात सहा मिनिटांची घोकलेली भाषा अजून चालू होती, आणि ती भाषाच बोलली.

"रात्री डोळा थकलेला असतो," मी म्हणाले. "दिवसभरातला उजेड संपलेला असतो. त्या वेळी वाचायला कमीत कमी असावं, असं मला वाटलं. वरच्या दोन पट्ट्यांनी सवय लावलेली असते. तिसऱ्या पट्टीत सांगायची गरज उरत नाही. ती जागा रिकामी नाही, ती विश्रांती आहे. गडद रंग तिथे शब्दाचं काम करतो."

मला माझाच आवाज फार छान वाटला. गेल्या वर्षीच्या त्या झोपाळू पोराला मी उगाच नावं ठेवली होती.

बाई पहिल्यांदाच हसल्या. त्या म्हणाल्या की आजकाल मुलं रिकामी जागा दिसली की काहीतरी भरतात, इथे कुणीतरी काढून टाकायचं धाडस केलंय. विभागप्रमुखांनी मान डोलावली.  भिंगवाले सर कार्ड तसंच लांब धरून बघत राहिले. मग ते आत्याकडे वळले आणि त्यांनी तिला फार आदराने विचारलं, "आजी, तुम्ही हे वापरता ना? कळतं सगळं?"

आत्या खुर्चीवरून अर्धवट उठली. तिला वाटलं, आता आपली पाळी, आपणही पोरीसाठी नीट बोललं पाहिजे.

"न कळायला काय झालं," ती म्हणाली. "आठ दिवस झाले, कपाटाच्या दाराला आतून लावलंय. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. गोल दिसतो, गोलावर ठेवायची, घ्यायची. आमच्या पोरीने केलंय म्हटल्यावर चूक होईलच कशी?"

आठ दिवस. आठ रात्री अख्खी गोळी. गरगरणं, सकाळी पलंगाची कड धरून बसणं, परवा शिवताना मान खाली घातली की अंधारी येते म्हणणं, स्वयंपाकघरात पडणं. मी तिला वयाचं कारण दिलं होतं. पाणी कमी पितेस म्हटलं होतं. 

"रात्री अर्धी," माझ्या तोंडून निघालं.

तिघे परीक्षक माझ्याकडे बघायला लागले. आत्यानेही बघितलं. तिला कार्डावरचं नीट दिसत नाही, पण माझा चेहरा तिला नेहमीच वाचता येतो. काय घडलंय ते तिला नक्की कळलं नसेल, पण पोरगी अडकलीय एवढं कळलं, आणि तेवढं तिला पुरलं.

"हो हो, अर्धीच," ती लगेच म्हणाली आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "अर्धीच घेते मी. एक म्हणायची आपली बोलायची सवय. जिभेला काय हाड असतं?"

विभागप्रमुख हसले. बाई हसल्या. आत्याही हसली. आयुष्यात तिने मला खोटं बोलल्याबद्दल दोनदा मारलं होतं, आणि दोन्ही वेळा माझं खोटं यापेक्षा फार लहान होतं. भिंगवाले सर हसले नाहीत. त्यांनी आधी तिच्या कोपराकडे बघितलं, जिथून पदर सरकला होता, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हे विचारणार. विचारा, असंही मला आतून वाटत होतं. त्यांनी विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, असं मी स्वतःला अजून सांगते. पण वेळ संपल्याची घंटा झाली. त्यांनी कार्ड गठ्ठ्यावर उलटं ठेवलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. कापडाच्या कडेला तेही अडखळले.

मी त्यांच्या मागे गेले नाही. सांगायचं तेवढंच आहे. दहा पावलांवर होते ते, आणि मी गेले नाही.

आत्याला घेऊन मी तडक दवाखान्यात गेले. वाटेत रिक्षात तिने विचारलं, तिथे काय होतं गं? मी म्हटलं, अर्धी.  ती म्हणाली की तिला स्वतःलाच आठवायला हवं होतं, डॉक्टर तिच्यादेखतच बोलले होते, वय झालं की असंच होतं. डॉक्टरांपुढेही तिने तेच सुरू केलं, माझा वेंधळेपणा म्हणून. तेव्हा मी मध्ये बोलले. म्हटलं, नाही, चूक माझी आहे, कार्डावर शब्द छापलाच गेला नाही. डॉक्टर दाब मोजत होते. चूक कुणाची याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. दाब बराच खाली गेलाय, म्हणाले, दोन दिवस रात्रीची बंद, मग अर्धी, आणि डोक्यावर पडल्या नाहीत हे नशीब समजा. जिथे कबूल करून काही उपयोग नव्हता तिथे मी कबूल केलं. जिथे वर्ष जाणार होतं तिथे केलं नाही. मी कशी आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते कळल्यावर आता ते विसरताही येत नाही.

निकाल तिसऱ्या दिवशी लागला. मी वर्गात पहिली आले. शेऱ्यात लिहिलं होतं: रंगांची निवड सखोल निरीक्षणातून. मांडणीत संयम. रात्रीच्या पट्टीतील रिकामी जागा विशेष उल्लेखनीय. खाली दोन सह्या होत्या. तिसरी जागा कोरी होती. भिंगवाले सर त्या दिवशी आले नव्हते असं कचेरीत सांगितलं. मी जास्त चौकशी केली नाही.

दवाखान्याच्या पाट्या करणाऱ्या बाईंचं पत्र आलं. त्यांना कार्डाची फाइल हवी होती, एका दवाखान्यातल्या वयस्कर रुग्णांसाठी. मी संगणक उघडला, 'अर्धी'वर गेले, ती टिक काढली. एक क्षणही लागला नाही. फाइल पाठवली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की रात्रीच्या पट्टीत शब्द परत दिसतोय, चुकून जुनी फाइल आलेली दिसते, ती सुंदर रिकामी जागा होती तीच पाठव. मी त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात सगळं होतं, रफार, टिक, आठ रात्री, कोपर. वाचलं आणि पुसून टाकलं. मग एक ओळ पाठवली: तो शब्द राहू द्या, तो लागतो. त्यावर त्यांचं उत्तर आलं नाही. म्हणजे कार्ड छापलं गेलं की नाही, कसलं छापलं गेलं, मला माहीत नाही. विचारायचं धैर्य नाही.

आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय. ठरल्याप्रमाणे, माझं झाल्यावर. माझं प्रमाणपत्र तिने काच लावून मशीनच्या वर टांगलंय आणि ब्लाउज द्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती ते दाखवते. कार्ड अजून कपाटाच्या दाराला आहे. मी नवं छापून आणलं, शब्द असलेलं, अक्षर पांढरंशुभ्र, रफार ठसठशीत. तिने ते हातात घेतलं, फिरवून बघितलं, छान झालंय म्हणाली आणि प्रमाणपत्राच्या मागे खोचून ठेवलं. जुन्या कार्डावर मीच एकदा पेनाने 'अर्धी' लिहून बघितलं. निळ्यावर पेन उमटत नाही.

मी आता दुसऱ्या गावात नोकरीला आहे. रोज जेवण झालं की फोन वाजतो. ती गोळी कापडाच्या कात्रीने मधोमध तोडते, अर्धी डबीत टाकते, अर्धी हातात धरते आणि मला विचारते. कार्डाला विचारत नाही, मला विचारते. जणू काही चूक कार्डाची होती आणि मी त्यातली नव्हेच.

"ठकू, अर्धी ना गं?"

"अर्धी, आत्या," मी म्हणते. रोज.